घोटीच्या पावसात भिजलेले बूट वाळवताना

जुलैत घोटीत दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही हाताला गार लागतो. शेजारच्या इगतपुरीत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि घोटीला त्याच घाटमाथ्याची हवा मिळते. संततधार लागली की घरातली हवाच पाण्यानं भरलेली असते. टॉवेलाची ही गत, तर चामडं, अस्तर, फोम आणि पुठ्ठा असे थर एकावर एक चिकटवलेल्या बुटानं वाळावं कसं? मग माणसं आगीकडे वळतात. कुणी बूट चुलीच्या वैलाशी टेकवून ठेवतो, कुणी हॅलोजन हीटरसमोर, कुणी गॅसच्या शेगडीजवळ. मध्येच तासभर उघडीप मिळाली की सगळ्या घराचे बूट पत्र्यावर जातात. सकाळी बूट कोरडा मिळतो, पण कडक झालेला असतो, आणि चार दिवसांत पुढच्या बाजूनं आ वासतो. दुरुस्तीवाले काका म्हणतात, "पेस्टिंग गेलंय." ते कसं गेलं हे फारसं कुणी विचारत नाही.

बूट वाळायला गरमपणा लागतो, हा समज अर्धाच खरा आहे. लागते ती कोरडी आणि हलती हवा. हवा तापवल्यानं ती कोरडी होते, एवढाच उष्णतेचा खरा उपयोग, आणि त्यासाठी फार तापवावंही लागत नाही. बाहेर २४ अंश तापमान आहे आणि हवा ९५ टक्के दमट आहे, असं धरा. तीच हवा, तेवढंच पाणी अंगात घेऊन, ३० अंशांपर्यंत तापली तर तिचा दमटपणा ६७ टक्क्यांच्या आसपास उतरतो. सहा अंशांत एवढा फरक पडतो. ही हवा पंख्यानं बुटावरून फिरत राहिली तर ती पाणी उचलत राहते. म्हणजे आपल्याला सहा-सात अंशांची गरज असते आणि आपण बुटाला शंभराच्या घरात नेऊन ठेवतो.

याच हिशेबात स्वयंपाकघराबद्दलचा एक गैरसमज निघतो. स्वयंपाक चालू असताना तिथं ऊब असते हे खरं, पण भाताची वाफ असते आणि गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. म्हणून ती ऊब ओली असते. फ्रिजच्या कडेला, संगणक किंवा इन्व्हर्टर असलेल्या खोलीत मिळणारी ऊब थोडी असली तरी कोरडी असते. घरात एसी असेल आणि त्याला 'ड्राय' मोड असेल तर घोटीच्या पावसात बूट वाळवायला याहून चांगली सोय नाही. तो हवेतलं पाणीच काढून बाहेर टाकतो. नसेल तर साधा टेबल फॅन पुरतो. तो पन्नास-साठ वॉटवर चालतो, हीटर हजार-दोन हजार वॉट खातो आणि बूटही बिघडवतो.

उष्णतेनं चामड्याचं काय होतं, हे घोटीच्या माणसाला भाताच्या गिरणीत समजावून सांगता येईल. कापणीनंतर भात कडक उन्हात घाईनं वाळवलं तर गिरणीत कणी जास्त निघते. दाण्याचा बाहेरचा भाग झपाट्यानं सुकतो आणि आकसतो, आतला गाभा अजून ओला आणि फुगलेला असतो. त्या ओढाताणीत दाण्याला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि भरडताना तो तुटतो. म्हणून जाणता शेतकरी भात पातळ पसरतो, खालीवर करतो आणि मधूनमधून सावलीत विसावू देतो. ओल्या चामड्याचं गणित हेच आहे. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंची जाळी. कमावताना या तंतूंमध्ये तेल भरलेलं असतं आणि त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात. चामड्याचा मऊपणा तो हाच. हीटरसमोर वरचा थर भराभर सुकतो, तंतू एकमेकांना चिकटून बसतात, आतलं पाणी बाहेर येताना तेलही पृष्ठभागाकडे ओढून आणतं. बूट कोरडा होतो, पण बोटांच्या वळणापाशी, जिथं प्रत्येक पावलागणिक तो दुमडतो, तिथं बारीक भेगा पडू लागतात. एकदा भेग पडली की कुठलंही पॉलिश ती सांधत नाही. फार तर लपवतं.

यात ओलेपणाची गोष्ट महत्त्वाची आहे. कोरडं चामडं बरीच उष्णता सोसतं, ओलं चामडं सोसत नाही. झाडाची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७५ ते ८५ अंशांना एकदम आकसतं आणि ते पुन्हा मूळ आकारात येत नाही. क्रोमनं कमावलेलं चामडं, म्हणजे बहुतेक ऑफिसचे आणि ट्रेकचे बूट, शंभराच्या आसपास तग धरतं. म्हणून हीटरपाशी कोल्हापुरीचा पट्टा आधी आखडतो आणि बूट थोडा वेळ सुखरूप दिसतो. पण कडक होणं आणि तेल सुटणं या आकड्यांच्या खूप आधी सुरू झालेलं असतं.

आता डिंकाकडे येऊ, कारण घोटीत बुटांचा जीव बहुधा तिथंच जातो. आज बाजारात मिळणारे बहुतेक बूट शिवलेले नसतात, पेस्टिंगचे असतात. कारखान्यात वरच्या भागाला आणि सोलला पॉलियुरेथेनचा चिकट द्रव लावतात, तो सुकू देतात, मग दोन्ही बाजू साधारण ५५ ते ७० अंशांपर्यंत तापवतात. उष्णतेनं सुकलेला थर पुन्हा मऊ आणि चिकट होतो, तेव्हा दोन्ही भाग यंत्रात दाबून बसवतात. थंड झाला की सांधा पक्का. जी उष्णता हा सांधा जोडायला वापरली, तेवढीच पुन्हा दिली तर तो पुन्हा सैलावणार, हे उघड आहे. फरक इतकाच की कारखान्यात तेव्हा वरून दाब असतो आणि तुमच्या घरात दाब नसतो. उलट आखडणारं चामडं सोलपासून दूर खेचत असतं. सोल रबराचा, तो आकसत नाही. वरचा भाग आकसतो. मधला डिंक त्याच वेळी मऊ झालेला. ही तिन्ही कामं एकाच रात्री एकाच हीटरसमोर होतात. सकाळी सांधा शाबूत दिसतो, पण तो कमी ताकदीवर पुन्हा जमलेला असतो आणि चार दिवसांनी पायरी चढताना सुटतो. म्हणूनच दोष हीटरला न देता आपण कंपनीला देतो.

बुटाच्या आत आणखी काही भाग उष्णतेला भितात. टाच आणि पंजा ताठ ठेवणारे आतले कडक तुकडे बऱ्याच बुटांत उष्णतेनं वळणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात. खेळाच्या बुटाचा मधला हलका फोम फार तापला तर आकसतो आणि बूट एका बाजूला झुकून बसतो. आतल्या पुठ्ठ्याची कड वर उचलली जाते आणि टाच टोचायला लागते.

मग ऊन? त्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं उन्हात ठेवल्याशिवाय वास जात नाही, कुणी म्हणतं ऊन म्हणजे बुटाचा काळ. माझं मत असं की घोटीत ऑगस्टमधली उघडीप हीटरपेक्षा बरी, पण पत्रा नको. काळं चामडं थेट उन्हात तापून साठीच्या घरात जाऊ शकतं आणि खाली तापलेला पत्रा असेल तर सोल दोन्ही बाजूंनी भाजतो. शिवाय उन्हात अतिनील किरण असतात. ते रंग विटवतात, पांढरा सोल पिवळा करतात आणि रबराला वरून कडक करतात. तिसरं, ऊन एकाच बाजूनं लागतं, त्यामुळे बूट एका अंगानं सुकतो आणि वाकतो. म्हणून चामड्याचे आणि पेस्टिंगचे बूट उन्हात ठेवायचे नाहीत; ओट्यावर, पडवीत, झाडाखाली, जिथं वारा आहे आणि ऊन परावर्तित होऊन येतं, तिथं ठेवायचे. सुखतळे, लेस आणि कॅनव्हास मात्र सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास घातले तर काही बिघडत नाही, उलट वास कमी होतो. बंद गाडीच्या डिकीत किंवा काचेमागं ठेवणं हे हीटरचंच दुसरं रूप.

आता प्रत्यक्ष कृती. समजा, एका शनिवारी कोणी घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्यानं बारीला गेलं आणि तिथून कळसूबाई चढून आलं. १,६४६ मीटर उंचीवर, शिड्यांवरून, सगळी वाट पावसात. बूट चामड्याचे, पेस्टिंगचे. कोरडे असताना जोडीचं वजन ११०० ग्रॅम. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जोडी १४८० ग्रॅम भरली. म्हणजे जवळजवळ पावणेचारशे ग्रॅम पाणी आणि चिखल. वजन करायचा हा उद्योग हास्यास्पद वाटेल, पण बूट आतून वाळला की नाही हे इतक्या खात्रीनं सांगणारं घरातलं दुसरं साधन नाही, हात फसतो.

पहिलं काम धुण्याचं. ओले बूट आणखी कशाला धुवायचे, असं वाटतं, पण चिखल सुकला की तो चामड्यातून पाणी ओढतो आणि त्यातली वाळू शिवणीत बसून दोरा कापते. म्हणून संथ वाहत्या गार पाण्याखाली मऊ ब्रशनं चिखल काढायचा. साबण नको, गरम पाणी नको. मग लेस पूर्ण काढायची, जीभ पुढे ओढायची आणि सुखतळा बाहेर काढायचा. हा सुखतळा आत राहिला तर बुटाचा तळ दोन दिवस ओला राहतो आणि वास तिथूनच सुरू होतो. बूट उलटा करून पाणी झटकायचं, जुन्या सुती कापडानं आत दाबून टिपून घ्यायचं. पिळायचं किंवा मुरगळायचं मात्र नाही. एवढ्यानं आपली जोडी १३८० वर येते, आणि अजून वाळवणाला सुरुवातही झालेली नाही.

दुसरं काम कागदाचं. वर्तमानपत्राचे गोळे करून बुटात भरायचे, पण कोंबायचे नाहीत. कोंबलेला कागद चामडं ताणतो आणि हवेची वाट अडवतो. चकचकीत पुरवणी नको, ती पाणी शोषत नाही. अस्तर पांढरं असेल तर शाई लागते. तिथं जुनी बनियन किंवा टिश्यू वापरा. खरी मेख कागद बदलण्यात आहे. पहिला कागद अर्ध्या तासात भिजतो. तसाच ठेवला तर रात्रभर तो बुटाला पाणी परत देत बसतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासानं आणि मग दर तासाभरानं बदलायचा. शनिवारी रात्री दहापर्यंत असे तीन-चार फेरे झाले की बऱ्याच बुटांतलं निम्मं पाणी निघालेलं असतं. उदाहरणातली जोडी १२५० च्या आसपास येईल.

रात्री कागद काढून पंखा लावायचा. बूट जमिनीवर ठेवू नयेत, कारण शहाबादी किंवा कडप्पा फरशी पावसाळ्यात गार असते आणि सोलखाली ओल धरते. लाकडी पाटावर दोन पट्ट्या ठेवून त्यांवर बूट आडवा टेकवा, किंवा खुर्चीच्या पाठीला तोंड खाली करून लटकवा, म्हणजे सोलच्या खालूनही हवा जाईल. पंखा बुटाच्या तोंडाकडे, दीड-दोन हात अंतरावर, मध्यम वेगानं. खोलीचं दार पूर्ण बंद नको, नाहीतर बुटातून निघालेली ओल खोलीतच फिरत राहते. खिडकीही सताड उघडी नको, नाहीतर बाहेरची भिजलेली हवा आत येते. खिडकी बोटभर उघडी असावी.

रविवारी सकाळी जोडी ११७० भरते. इथं बहुतेकांचा धीर सुटतो, कारण हाताला बूट कोरडा लागतो. पण सत्तर ग्रॅम पाणी अजून पंजाच्या टोकाशी, अस्तराच्या मागं आणि आतल्या पुठ्ठ्यात आहे. पहिले दोनशे ग्रॅम एका रात्रीत गेले; या सत्तरातले जाण्यासारखे पन्नास जायला दिवसभर लागतो. पाणी आता आतून बाहेर यावं लागतं आणि ते आपल्या चालीनंच येतं. याच टप्प्यावर माणसं हीटर लावतात, आणि याच टप्प्यावर चामडं सर्वांत जास्त दुखावतं, कारण वरचा भाग सुकलेला आणि आतला ओला असतो. करायचं इतकंच, की पंजात सुका कागद हलकेच भरायचा, तीन-चार तासांनी बदलायचा आणि पंखा चालू ठेवायचा. सोमवारी सकाळी ११२० आणि रात्री १११८ भरलं तर बूट वाळला. दोन वजनांत बारा तासांचं अंतर असावं आणि घट पाच ग्रॅमच्या आत असावी. पुन्हा ११०० वर येण्याची वाट पाहू नका. चामडं पावसाळ्यात हवेतलं पाणी धरून ठेवतं, ते एप्रिलमधलं वजन आता येणार नाही. काटा नसेल तर सुखतळ्याखाली कोरडा टिश्यू सपाट ठेवून वर काहीतरी जड ठेवून दाबा. तासाभरानं टिश्यू गार आणि ढिला लागला तर आत ओल आहे.

हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर गार हवेवर, हातभर लांबून. ऊब योग्य आहे का, हे तपासायला हाताचा मागचा भाग बुटाच्या जागी धरा. मिनिटभर सहज धरवला तर ठीक. हात मागं घ्यावासा वाटला तर बुटालाही ते जास्त आहे. फ्रिजशेजारी, चुलीच्या मागल्या भिंतीशी, इन्व्हर्टरच्या खोलीत, कुठंही बूट ठेवण्याआधी हीच परीक्षा करता येते. फ्रिजच्या मागं मात्र ठेवू नका. तिथं हवा अडते आणि फ्रिज तापतो.

वीज गेली, आणि घोटीत जोराचा पाऊस सुरू झाला की ती जातेच, तर पंख्याचा मार्ग बंद होतो. तेव्हा कागद वाढवायचा, दर दोन तासांनी. रोज नाशिकला गाडीनं ये-जा करणाऱ्यांनी पावसाळ्यापुरते दोन जोड ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ओलसर बूट रोज घातला तर पायाची ऊब त्याला सतत भिजलेला आणि कोमट ठेवते, आणि डिंकाला तीच परिस्थिती सर्वांत वाईट.

सगळे बूट एकसारखे नसतात. गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यातल्या कारखान्यांत घालतात त्या बऱ्याच सेफ्टी शूजमध्ये सोल डिंकानं चिकटवलेला नसतो, वरच्या भागावरच ओतून तयार केलेला असतो. तिथं सांधा सुटण्याची भीती कमी, पण चामडं भेगाळतं आणि पोलादी टोपीच्या आतली ओल फार सावकाश निघते, म्हणून पंजात कागद नेहमीपेक्षा जास्त वेळा बदलावा. मुलांचे शाळेचे काळे बूट बहुतेक रेक्झिनचे असतात. त्यांना तेल-पॉलिशची गरज नसते, पण आतला पुठ्ठा भिजून फुगतो, त्यामुळे सुखतळा काढणं तिथं अधिक गरजेचं. मुलानं सकाळी घालायचे असतील तर थोडे ओलसर घालून कोरडे मोजे देणं, चुलीशी ठेवण्यापेक्षा चांगलं.

कोल्हापुरी चपलेला घोटीच्या पावसात बाहेर न काढणं हाच सल्ला. ती वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची असते. भिजली की रंगद्रव्य आणि टॅनिन पाण्याबरोबर सुटतं, आणि तळ फुगून थर उलगडतात. भिजलीच तर आधी कापडानं पाणी टिपा, मग सपाट जागी, वर वजन ठेवून, सावलीत वाळवा. वजन नसेल तर तळ द्रोणासारखा वळतो. अर्धवट ओलसर असताना हलका तेलाचा हात फिरवला तर तंतू घट्ट बसत नाहीत. तेल थोडंच घ्यावं, कापडावर घेऊन. सांध्याजवळ नेऊ नये. तेल मुरलं की पेस्टिंग आणि शिवणीतला मेण-दोरा दोन्ही ढिले होतात. ट्रेकच्या चामड्याच्या बुटालाही शेवटी हलकं क्रीम लावावं, पण वाळल्यावर, वजनाची खात्री झाल्यावर. ओल्यावर मेणाचं पॉलिश लावलं तर आतलं पाणी कोंडलं जातं आणि तिथंच बुरशी येते. खरखरीत, मखमली चामड्याला तेलही नको आणि पॉलिशही नको. वाळल्यावर ब्रश पुरे.

बुरशीचं म्हणाल तर घोटीत दोन दिवस ओलसर ठेवलेल्या बुटावर पांढरी पोपडी दिसली तर नवल नाही. पण प्रत्येक पांढरेपणा बुरशीचा नसतो. बोटाच्या उबेनं जो पांढरा थर वितळून नाहीसा होतो, तो चामड्यातून वर आलेल्या चरबीचा. घाबरायचं कारण नाही. कडेला रेघ होऊन सुकलेला पांढरेपणा क्षारांचा, तो ओल्या कापडानं पुसला जातो. लोकरीसारखी मऊ, वासाची, पुसल्यावर पसरणारी असेल तर ती बुरशी. ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडावी, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडानं पुसावं, आधी आतल्या बाजूला रंग सुटतो का पाहावं. मग पुन्हा पंखा.

एक वेगळा दोष मात्र वाळवण्यानं येत नाही आणि वाळवण्यानं जातही नाही. चार-पाच वर्षं कपाटात पडून राहिलेले बूट पहिल्याच पावसाळी वाटेवर सोल सोडतात. सोल सांध्यातून न सुटता मधूनच कुस्करून जातो. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत वर्षानुवर्षं आतून विघटित होतो, उष्णता ते आणखी वाढवते. बारीला निघण्याआधी सोलच्या मधल्या थरात नख रुतवून पाहा. भुकटी निघाली किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते बूट डोंगरावर नेऊ नका. त्यांना कोणताही डिंक वाचवत नाही.

सांधा थोडा उघडलाच असेल तर घाई दुरुस्तीतही नको. झटपट चिकटणारा सुपरग्लू बोटांच्या वळणापाशी टिकत नाही. तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच पायरीला तडकतो. दुरुस्तीवाले काका वापरतात ते पिवळं सोल्युशन योग्य, पण पावसाळ्यात त्याची एक खोड आहे. द्रव उडून जाताना थर थंड होतो आणि दमट हवेतली ओल त्यावर बसते. थरावर पांढुरकी झाक दिसली तर तो नीट चिकटत नाही. म्हणून बूट वजनानं पूर्ण वाळल्यावरच न्या, भिजलेला बूट बाजारातल्या पालाखाली चिकटवून मागू नका. दोन्ही बाजूंचा जुना थर घासून काढून, खरबरीत कागदानं खरखरीत करून, पातळ थर लावायचा. बोटाला चिकटणं थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, थांबायचं. पांढुरकेपणा गेल्याची खात्री करून मग जोरात दाबायचं आणि दोरीनं किंवा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधून चोवीस तास ठेवायचं. फटीची लांबी दोन बोटांहून जास्त असेल तर कडेनं शिवणही घालून घ्या, आणि काकांना सांगा की टाके सोलच्या खोबणीत बसू देत, म्हणजे चालताना दोरा घासणार नाही.